फवारणी कापली त्याचं खरं कारण

बुधवारी सकाळी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून मी अंकुरनं लिहिलेलं पोस्टमॉर्टेम वाचलं आणि समोरचे पोहे संपवायचा विचार सोडून दिला.

आधी सांगते की हे पोस्टमॉर्टेम म्हणजे काय. गेम जॅममध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक विषय मिळतो आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत त्यावर चालणारा गेम बनवून वेबसाईटवर चढवावा लागतो. अठ्ठेचाळीस तास. नंतर प्रत्येक टीमनं लिहायचं असतं की काय जमलं, काय फसलं, काय कापलं, काय दुरुस्त केलं. पुढच्या पोरापोरींना त्याचा उपयोग व्हावा म्हणून. त्यात खोटं लिहिलं तर ते वाचून दुसरा कोणी त्याच खड्ड्यात पडतो.

आम्ही तिघं अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी जेबा, अकोल्याची, कोड माझ्याकडे. अंकुर चांदूर बाजारचा, चित्रं त्याची. हात खरोखर चांगला. त्याच्या वडिलांचं, खुशालरावांचं, तिथं बियाण्याचं आणि औषधांचं दुकान. आणि आकांक्षा हिवरखेडची. तिच्या घरी नऊ एकर कपाशी. आवाज, पातळ्या आणि खेळून बघायचं काम तिचं. टीम लीड म्हणून फॉर्मवर अंकुरनं स्वतःचं नाव टाकलं होतं. आम्ही काही म्हटलं नाही, कारण त्या रकान्यात कोणाचं तरी नाव लागणारच होतं.

विषय आला, 'दिसतं तसं नसतं'. दोन हजार सतराचा डिसेंबर. त्या हंगामात बोंडअळीनं आमच्या भागातली कपाशी आतून खाऊन टाकली होती. बोंड बाहेरून हिरवंगार, ठणठणीत. फोडलं की आत गुलाबी अळी आणि कुजलेली सरकी. विषय वाचल्यावर आकांक्षा पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "बोंड." बस, गेम ठरला.

अमरावतीतल्याच बशीर मामूंच्या दुकानात आम्ही बसलो. माझे मामू, लग्नपत्रिका, फ्लेक्स, टायपिंग असं सगळं करतात. तीन संगणक, त्यातला माझ्या वाट्याला आला तो सगळ्यात जुना. मामू म्हणाले, "बेटा, याले गरम होऊ देऊ नको, नाई तर हा बसते मग उठत नाई."

अंकुरनं पहिल्या तासात वहीभर योजना लिहिली. तीन शेतं. एकशेवीस दिवसांचा हंगाम. पाऊस. चालणारा शेतकरी, त्याची बायको, बैल. आणि औषधाचं दुकान. तिथून बाटल्या घ्यायच्या, फवारायचं, अळ्या मरतात, पीक वाचतं. मी म्हटलं, "अंकुर, हे दोन वर्षांचं काम हाये, दोन दिवसाचं नाई." तो म्हणाला, "तू घाबरून राहिली."

शनिवारी दुपारपर्यंत बैल गेला, बायको गेली, पाऊस गेला. तीन शेतांचं एक झालं. एकशेवीस दिवसांचे सात. हे कापताना कोणाला फार वाईट वाटलं नाही, कारण काहीच बनलेलं नव्हतं. उरलं ते चांगलं होतं: कपाशीची एक ओळ, त्यात काही फुलं नीट उमललेली, काही डोमकळ्या. आत अळी असली की फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, त्या डोमकळ्या. खेळणाऱ्यानं त्या ओळखून तोडायच्या. सुटली तर अळी शेजारच्या बोंडांत शिरते आणि मग बाहेरून काही कळत नाही. सातव्या दिवशी बोंडं फुटतात. जे आत असतं ते दिसतं.

अडकलं ते औषधाचं दुकान. अंकुरनं त्याच्यासाठी चौदा तास चित्रं काढली होती; फळ्या, रंगीत बाटल्या, काउंटर, वजनकाटा. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण मी ते जोडलं की गेम मोडायचा. दुकान उघडलं तरी मागे शेतात अळी वाढतच राहायची. ती थांबवली तर परत येताना शेत दुसऱ्यांदा तयार व्हायचं, एकावर एक दोन शेतं, एकातली डोमकळी तोडली की दुसऱ्यातली तशीच. ते सोडवलं तर बाटल्यांचा आकडा उणे तीन. एक भोक बुजवलं की दुसरं पडायचं.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी खुर्ची मागे ढकलली.

"दुकान काढून राहिली मी," मी म्हटलं.

अंकुरनं स्क्रीनवरून मान वर केली नाही. "नाई."

"सात तास उरले. यातल्या चुका सोडवता सोडवता संध्याकाळ होईल, अन मग मूळ गेम कोण तपासन?"

"दुकान म्हणजेच गेम हाये, जेबा. नाई तर खेळणाऱ्याच्या हातात काय उरते?"

तेव्हा आकांक्षा बोलली. ती दोन दिवसांत फार कमी बोलली होती. "फवारल्यावर अळी मरते असं दाखवलं तू."

"मंग?"

"बोंडात शिरली की औषध पोचत नाई तिच्यापर्यंत. शिरते ते भोक बुजून जाते. आमी पाच वेळा मारलं यंदा. माझ्या बाबाले उलट्या झाल्या, चक्कर आली, दवाखान्यात नेलं. अळीले काई झालं नाई." ती शांतपणे बोलत होती. "जेबा म्हणते वेळ नाई. मी म्हणते वेळ असला तरी नको. ते खोटं हाये."

दोन विरुद्ध एक. अंकुर उठला आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. मी दुकान काढलं. काढताना एक ओळ लिहिली. आम्ही कोडमध्ये काहीही बदललं की त्याची नोंद राहते, तारीख आणि वेळेसह, आणि सोबत कारण लिहायचं असतं. मी लिहिलं: 'फवारणी आणि दुकान काढलं. एक, चुका वाढत आहेत. दोन, बोंडातल्या अळीवर फवारणी चालते हे चूक आहे, आकांक्षानं सांगितलं.' वेळ, अकरा वाजून बावीस मिनिटं.

अर्ध्या तासानं अंकुर परतला, आणि हेही सांगायलाच हवं, की नंतर त्यानं मान खाली घालून फुटलेल्या बोंडांची अकरा चित्रं काढली. निरोगी, अर्धं खाल्लेलं, पूर्ण सडलेलं. गेममध्ये सगळ्यात जास्त कौतुक त्याच चित्रांचं झालं.

आणि दुकान काढल्यानं वेळ मिळाला म्हणूनच आम्हाला माझी चूक सापडली. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही.

आकांक्षा दुपारी एकसारखी हरत होती. मी तिला म्हटलं, हळू बघ, घाई करतेस. तिनं वही माझ्यापुढे सरकवली. काहीही न तोडता नुसतं बसून राहिलं तर शेत किती वेळात खाल्लं जातं हे तिनं मोजलं होतं. माझ्या जुन्या संगणकावर साठ सेकंद. अंकुरच्या लॅपटॉपवर चोवीस. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच.

मी कोड उघडला आणि कारण दिसलं. गेम म्हणजे एकामागून एक भराभर काढलेली चित्रं. मामूंचा संगणक सेकंदाला जेमतेम चोवीस चित्रं काढत होता, लॅपटॉप साठ. आणि मी अळीची वाढ प्रत्येक चित्रामागे ठेवली होती, गेलेल्या वेळेवर नाही. संगणक जितका चांगला तितकी अळी वेगानं धावणार. परीक्षकांच्या मशीनवर गेम दहा-बारा सेकंदांत संपला असता आणि त्यांना वाटलं असतं, हा खेळताच येत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरानं करावी अशी चूक.

दुरुस्ती दोन ओळींची. दोन चित्रांमध्ये खरोखर किती वेळ गेला तो घ्यायचा आणि वाढ त्यानं गुणायची. दोन्हीकडे साठ सेकंद आले. मग आकांक्षानं दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन काहीतरी पाहिलं, परत आली, तर आख्खं शेत एका फटक्यात खलास. टॅब मागे गेला की ब्राउझर चित्रं काढणं थांबवतो. परत आल्यावर मधला सगळा वेळ एकाच चित्राच्या माथी पडतो. म्हणून एका वेळी सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वेळ मोजायचाच नाही अशी मर्यादा घातली.

तीन वाजता मी हट्टानं अर्धवट गेम साईटवर चढवून पाहिला. तीन तास आधी. शेत रिकामं. एकही बोंड नाही. आमच्या संगणकांवर सगळं दिसत होतं. कारण अंकुरनं चित्रांच्या फायलींची नावं मोठ्या इंग्रजी अक्षरानं सुरू केली होती आणि मी कोडमध्ये छोट्या अक्षरांत लिहिली होती. आमच्या मशीनला तो फरक चालतो, साईटच्या सर्व्हरला चालत नाही. सगळी नावं छोट्या अक्षरांत केली, पुन्हा चढवलं, बोंडं आली. हे आम्हाला सहाला पाच कमी असताना कळलं असतं तर काय, याचा विचारसुद्धा नको. पावणेसहाला गेम जमा झाला. मामूंनी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले.

आता अंकुरचं पोस्टमॉर्टेम. त्यात लिहिलं होतं: 'टीम लीडनं वेळीच कठोर निर्णय घेऊन व्याप्ती कमी केली. तांत्रिक मर्यादांमुळे फवारणीचा महत्त्वाचा भाग पूर्ण होऊ शकला नाही. वेगाची एक किरकोळ अडचण चाचणीदरम्यान सोडवण्यात आली.' आकांक्षाचं नाव शेवटी, 'आवाज' या कामापुढे, एकदा. खाली पुण्याच्या कोणीतरी लिहिलं होतं की फवारणी असती तर गेम पूर्ण वाटला असता, नक्की टाका. त्याला बऱ्याच जणांनी दुजोरा दिला होता. आणि अंकुरचं उत्तर: 'पुढच्या आवृत्तीत नक्की.'

मी फोन शेजारी बसलेल्या आकांक्षाकडे दिला. तिनं वाचलं, परत दिला.

"तांत्रिक मर्यादा," ती म्हणाली.

"म्हणजे मी," मी म्हटलं. "माझ्याच्यानं झालं नाई असं लिवलं त्यानं."

"तुझं काय घेऊन बसली? पुढच्या आवृत्तीत टाकून राहिला तो. लोकं खेळतीन अन म्हणतीन, या शेतकऱ्यायनं नीट फवारलं नसन म्हणून गेली यायची कपाशी."

तेव्हा मला समजलं की माझा राग लहान आहे आणि तिचा मोठा आहे. त्यानं माझा राग कमी झाला नाही. उलट दोन्ही एकत्र झाले.

अंकुर आम्हा दोघींना लायब्ररीच्या पायऱ्यांवर सापडला.

"काहून लिवलं असं?" मी विचारलं.

"काय चुकीचं हाये? वेळ पुरला नाई हे खरंच हाये."

"कापायचं तू ठरवलं? तू तर टपरीवर उभा होता."

"टीम म्हणून लिवते माणूस. एवढं काय त्यात."

"अन फवारणीचं कारण? नोंदीत लिवलं हाये मी. वाच."

तो उठून उभा राहिला. आता त्याचाही आवाज चढला. "तुले माहीत हाये का, या दोन महिन्यात दुकानावर लोकं काय बोलून गेले माझ्या बापाले? एकानं बाटली आणून काउंटरवर आपटली. अन मी माझ्या नावानं जगापुढे लिवू, का औषध चालत नाई? गावातले पोरं वाचतात ते पान. बाप वाचते."

"मंग त्या माणसाले काय सांगितलं तुह्या बापानं?" आकांक्षानं विचारलं.

अंकुर बॅग उचलून निघून गेला.

पुढच्या रविवारी अकोल्याला आमच्या भागातल्या टीमांचा मेळावा होता. हसनैन नावाचा मुलगा तिथं गेम बनवणाऱ्यांचा गट चालवतो. त्यानं पहिल्या दहातल्या टीमांना आपापलं पोस्टमॉर्टेम मांडायला बोलावलं होतं. आमचा गेम नववा आला होता. वाचनालयाचं छोटं सभागृह, चाळीसेक खुर्च्या. अंकुर आधीच येऊन बसला होता, शेजारी पांढऱ्या शर्टातले खुशालराव. मुलाचं कौतुक ऐकायला चांदूर बाजारहून आले होते. मी त्यांना पाहिलं आणि क्षणभर वाटलं, जाऊ द्या. मग आकांक्षाकडे पाहिलं. तिनं वही आणली होती.

मी हसनैनला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्यात भांडण हाये. पण आधी अंकुर बोलन, मग मी. दोन्ही होऊ दे."

तो म्हणाला, "भांडण यहाँ मत करो."

"भांडत नाई. नोंदीतल्या वेळा वाचून दाखवते."

अंकुर छान बोलला. चित्रं दाखवली, लोक हसले, टाळ्या पडल्या. 'तांत्रिक मर्यादा' तो पुन्हा म्हणाला. मग मी उठले.

मी पहिल्यांदा माझी चूक सांगितली. चित्रामागे वाढ ठेवली होती, वेळेमागे नाही. ती किरकोळ नव्हती, तिच्यामुळे गेम मेला असता. ती आकांक्षानं वहीत मोजून पकडली, आणि हे पानावर कुठेही नाही. मग फायलींची नावं. मग मी पडद्यावर रविवारची नोंद उघडली, अकरा बावीसची, आणि मोठ्यानं वाचली, दोन्ही कारणांसह.

"दुकान राहून गेलं नाई," मी म्हटलं. "काढलं. अन त्यातलं दुसरं कारण वेळेचं नाई. पुढच्या आवृत्तीत ते येणार नाई, कारण कोड माझ्याकडे हाये आणि मी ते टाकणार नाई."

मग खुशालराव उठले. मला वाटलं आता ओरडतील. ते सावकाश म्हणाले, "पोरी, बरोबर हाये तुहं. अळी आत गेल्यावर फवारून उपयोग नाई. मी दुकानावर सगळ्याइले हेच सांगतो. आयकते कोण? लोकं म्हणतात, काई तरी द्या."

आकांक्षा बसल्या जागेवरून म्हणाली, "सांगता काका. अन मंग देता."

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "नाई दिलं तर शेजारच्या दुकानातून नेतात," ते म्हणाले.

"माझ्या बाबानं कुठून नेलं ते मले माहीत नाई," आकांक्षा म्हणाली. "पण त्याले बी असंच कोणी तरी आधी सांगितलं असन अन मंग दिलं असन. तो दोन दिवस डोळे उघडत नव्हता."

ते बसले नाहीत. खुर्च्यांच्या ओळीतून वाट काढत बाहेर गेले. अंकुर त्यांच्यामागे गेला. दारातून वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "माझं नाव काढ त्या गेमवरून."

जिन्याखाली मी त्याला गाठलं. खुशालराव पुढे रस्त्यावर उभे होते, पाठमोरे.

"नाव नाई काढत," मी म्हटलं. "अकरा बोंडं तू काढली. ते खरं हाये तर तेही राहीन."

"मले नको."

"तुले नको म्हणून खरं बदलत नाई. तू तांत्रिक मर्यादा लिवली तशी मी बी काई तरी लिवू का? चित्रं कोणी काढली ते माहीत नाई म्हणून?"

"तू माझ्या बापाले चारचौघात खाली पाहायले लावलं."

"मी तुह्या बापाचं नाव घेतलं नाई. तो स्वतः उठला."

त्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि मला त्याचाही राग आला. की आता मलाच वाईट वाटायचं का. वाटलंही थोडं. पण मी मागे सरले नाही.

त्याच संध्याकाळी अकोल्यात आमच्या घरी बसून आकांक्षा आणि मी पोस्टमॉर्टेम नव्यानं लिहिलं. अम्मीनं मधेच जेवायला हाक मारली, आम्ही दहा मिनिटं म्हणून तासभर लावला. प्रत्येक कपात, कोणी सुचवली, कोणी विरोध केला. प्रत्येक चूक, कोणाची, कोणी पकडली. अंकुर अकरा वाजता विरोधात होता हे लिहिलं आणि बाराला परत येऊन कामाला बसला हेही लिहिलं. फवारणीच्या कारणाचं वाक्य आकांक्षानं स्वतः लिहिलं, तीन वेळा खोडून. शेवटी फक्त इतकं ठेवलं: 'बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. पोचतो असं दाखवणारा गेम आम्हाला करायचा नव्हता.'

पान बदलायला टीम लीडची परवानगी लागते असं साईटनं सांगितलं. मी अंकुरला विनंती पाठवली. सोमवार गेला, मंगळवार गेला. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा, आमच्याकडे बघायचा नाही. मी हसनैनला फोन करून विचारलं की परवानगीशिवाय काही करता येतं का. तो म्हणाला, नवीन पान काढा, जुन्याची लिंक द्या, भांडण सगळ्यांपुढे येईल. आकांक्षा म्हणाली, येऊ दे.

बुधवारी दुपारी परवानगी आली. सोबत एक शब्द नाही. त्यानं एक बदल केला होता: पुण्याच्या माणसाला दिलेलं 'पुढच्या आवृत्तीत नक्की' हे उत्तर पुसलं होतं. त्याजागी काही लिहिलं नव्हतं.

आम्ही आमचं लिखाण चढवलं. पहिल्याच दिवशी हैदराबादच्या एका मुलीनं लिहिलं की वेळेमागे वाढ ठेवायची गोष्ट वाचून तिनं आपला गेम तपासला आणि तीच चूक सापडली. आकांक्षानं ते मला दाखवलं. मग खाली कोणीतरी लिहिलं होतं की गेममध्ये राजकारण आणू नका. ते तिनं दाखवलं नाही, पण मी वाचलं.

अंकुर आमच्याशी अजून बोलत नाही. मार्चमध्ये पुढचा जॅम आहे. चित्रं काढायला आमच्याकडे कोणी नाही. आकांक्षा म्हणाली, त्याले विचारून पाय. मी म्हटलं, तू विचार. दोघींपैकी कोणीच अजून विचारलेलं नाही.